पेव्हर ब्लॉकचा वाहनमार्ग उखडून पुन्हा बसवताना: कामाच्या नोंदी

६ मार्च २०२५

नाशिकच्या बाहेरच्या वस्तीत आमच्या घरी फाटकापासून पोर्चपर्यंत गाडी आत येण्याचा जो मार्ग आहे, तो १३ मीटर लांब आणि साधारण ३.३ मीटर रुंद, म्हणजे सुमारे ४३ चौरस मीटरचा आहे. चार वर्षांपूर्वी एका ठेकेदाराकडून तेथे २०० × १०० मिमीचे, ६० मिमी जाडीचे आयताकृती ब्लॉक बसवून घेतले होते. त्या वेळी मी दुसऱ्या जिल्ह्यात कामावर असल्याने येथे उभा राहिलो नव्हतो. पहिल्याच पावसाळ्यानंतर गाडीच्या चाकांखाली दोन पन्हाळी पडल्या. त्याच ठेकेदाराने ब्लॉक उचलून, खाली आणखी कच, म्हणजे खडी फोडताना निघणारा बारीक चुरा, भरून ते पुन्हा बसवून दिले. पुढच्या पावसाळ्यात पन्हाळी होत्या तेथेच परत उमटल्या. आज मोजले तेव्हा ३ मीटरच्या सरळ पट्टीखाली चाकाच्या रेषेत ३५ मिमीची फट भरली.

ब्लॉक स्वतः मात्र उत्तम आहेत. गाडीसारख्या हलक्या वाहतुकीला ६० मिमी जाडी पुरते, त्यामुळे दोष ब्लॉकमध्ये नसून त्यांच्या खाली आणि कडेला आहे, असे गृहीत धरून आज मुकादम आणि तीन माणसांच्या मदतीने सगळे उचलायला घेतले. उचलताना प्रत्येक मीटरवर टेप लावून थर मोजत गेलो, कारण पुन्हा बसवताना काय टाळायचे ते या मापांतच लिहिलेले असते.

मार्गाच्या मधोमध कचेचा थर ४५ मिमी होता, तर चाकांच्या रेषेत तो ७० मिमी भरला. जेथे पृष्ठभाग सर्वांत खाली गेला होता, नेमका तेथेच भरणीचा थर सर्वांत जाड होता, म्हणजे खचला होता तो खालचा पाया. मुरूम मध्यभागी ८० मिमी आणि चाकांखाली जेमतेम ५० मिमी दिसला. उरलेला काळ्या मातीत रुतून तिच्याशी एकजीव झाला होता. फावड्याने कापलेल्या उभ्या बाजूवर मुरूम कोठे संपतो आणि माती कोठे सुरू होते, हे सांगता येत नव्हते.

कडेची अवस्था वेगळीच होती. बागेच्या बाजूला ब्लॉकच्या शेवटच्या ओळीला सिमेंटच्या मालाची केवळ एक तिरपी पट्टी टेकवलेली होती आणि ती बोटाने हलवताच निघून आली. त्या बाजूचे ब्लॉक इतके सरकले होते की सांध्यांत १२ मिमीपर्यंत फट पडली होती आणि त्यांत वाळूऐवजी माती व गवताची मुळे होती.

८ मार्च २०२५

ब्लॉक धुऊन, खरवडून रांगेत रचले. सुमारे ९० ब्लॉकच्या कडा फुटलेल्या निघाल्या. ते कापून अर्धे तुकडे लागतात तेथे वापरता येतील, म्हणून फेकले नाहीत. त्याच साच्याचे १५० नवे ब्लॉक मागवले आहेत. त्यांचा रंग जुन्यांशी जुळणार नाही हे माहीत आहे. म्हणून ते एके ठिकाणी न लावता जुन्यांत मिसळून लावायचे.

आज खोदाई पूर्ण केली. हिशोब वरून खाली केला: ब्लॉक ६० मिमी, त्याखाली दाबून झालेली वाळू ३० मिमी, त्याखाली खडीचा पाया १०० मिमी आणि त्याखाली मुरूम २०० मिमी, म्हणजे तयार पृष्ठभागापासून ३९० मिमी खोल. रुंदी मात्र ३.३ मीटर न घेता ३.९ मीटर घेतली, कारण कडेचा काँक्रीटचा पट्टा मुरमावरच बसणार आहे आणि मुरमाचा थर त्या पट्ट्याच्याही बाहेर दीड-दोन वितींएवढा नसला, तरी निदान १५० मिमी तरी गेला पाहिजे. पट्टा मोकळ्या मातीवर बसवला तर तो मातीबरोबर वरखाली होतो, आणि मग त्याने ब्लॉकला आवळून धरण्याचा प्रश्नच उरत नाही.

उताराचाही निर्णय आजच घ्यावा लागला, कारण तो खोदाईच्या तळापासूनच द्यायचा असतो. आडवा उतार बागेकडे ५० ला १, म्हणजे ३.३ मीटरला सुमारे ६५ मिमी, आणि लांबीने पोर्चकडून फाटकाकडे १०० ला १ ठेवला. लेव्हल पाइपने खुंट्यांवर खुणा केल्या.

११ मार्च २०२५

तळाची काळी माती ओलसर होती ती दोन दिवस उघडी ठेवून सुकू दिली, मऊ लागलेले दोन भाग आणखी खोदून मुरमाने भरले आणि मग संपूर्ण तळावर न विणलेले जिओटेक्स्टाइल कापड अंथरले. ते पाणी जाऊ देते, पण मुरूम मातीत रुतू देत नाही आणि मातीला मुरमात चढू देत नाही. जोडावर ३०० मिमीचा चढाव दिला.

मुकादमांना दोनशे मिमी मुरूम एकदम टाकून वरून रोलर फिरवायचा होता. भाड्याने आणलेले आमचे यंत्र ९० किलोच्या आसपासचे प्लेट कॉम्पॅक्टर आहे आणि त्याचा दाब १०० मिमीच्या थरापलीकडे परिणामकारकपणे पोचत नाही. वरचे कवच कडक होते आणि खालचा अर्धा भाग तसाच भुसभुशीत राहतो. म्हणून सैल १३० मिमी मुरूम पसरून तो दाबून १०० मिमी करायचा, असे दोन थर ठरवले. एकूण पावणेपाच ब्रास मुरूम लागला; एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८ घनमीटर.

ओलाव्याची परीक्षा मुठीने केली. मूठभर मुरूम आवळल्यावर त्याचा गोळा झाला पाहिजे, तळहाताला पाणी सुटता कामा नये आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाकल्यावर गोळ्याचे दोन-तीन तुकडे झाले पाहिजेत. पहिल्या मुठीचा गोळाच झाला नाही, तो पिठासारखा सुटला. पाणी मारून तासभर मुरवल्यावर गोळा जमला. ज्या भागात बिगाऱ्याने उत्साहाने जास्त पाणी मारले, तेथे प्लेट फिरताना थर रबरासारखा हलू लागला. तो भाग उकरून दुपारपर्यंत वाळू दिला आणि मगच दाबला. चार फेऱ्यांनंतर यंत्राचा आवाज बदलतो, धप्प असा येणारा आवाज कोरडा आणि टणत्कार केल्यासारखा होतो आणि प्लेट उसळू लागते. त्यानंतर आणखी फेऱ्या मारण्यात काही हाती लागत नाही.

१५ मार्च २०२५

धुळवडीची सुट्टी गेल्यावर आज दुसरा थर झाला. पोर्चच्या पायरीलगत आणि फाटकाच्या खांबांशी प्लेट पोचत नाही, तेथे धुम्मसाने चोपून घेतले. हेच कोपरे पुढे खचतात, म्हणून तेथे पातळ थर घेऊन अधिक वेळ दिला.

संध्याकाळी विटा घेऊन आलेली ट्रॅक्टरची भरलेली ट्रॉली हळूहळू मार्गावरून नेली आणि मी चाकाशेजारी वाकून पाहत चाललो. छोट्या कामावर घनतेची चाचणी करून घेणे परवडत नाही, तेव्हा हीच आमची परीक्षा. मध्यावर एके ठिकाणी चाकापुढे मुरूम किंचित फुगून मागे बसताना दिसला. तेथे उकरले तेव्हा खाली ओला गारा सापडला; ११ तारखेला जास्त पाणी पडलेलाच तो भाग होता. सुमारे एक चौरस मीटर काढून पुन्हा भरला.

१७ मार्च २०२५

कडेचा पट्टा. त्याची आतली रुंदी ठरवण्याआधी मार्गाच्या आडव्या दिशेने ३२ ब्लॉक १०० मिमीच्या बाजूने, मधल्या नैसर्गिक फटींसह, कोरडेच मांडून पाहिले. माप ३.२९ मीटर आले, तेच पट्ट्यांमधले अंतर ठरवले. कागदावर ३.३० लिहून साचा बांधला असता तर शेवटी एका बाजूला १० मिमीची फट उरली असती आणि ती भरायला वाळूशिवाय काही बसले नसते.

पट्टा १५० मिमी रुंद आणि २०० मिमी खोल, १ : २ : ४ प्रमाणाच्या काँक्रीटचा, दाबलेल्या मुरमावर टेकलेला आणि माथा तयार पृष्ठभागाशी सपाट, असा दोन्ही बाजूंना आणि फाटकाशी आडवा घेतला. दर ३ मीटरवर फोडजोड ठेवला, म्हणजे तडा गेलाच तर तेथेच जाईल. बाहेरच्या बाजूने मुरूम चोपून भरला. पोर्चची पायरी चौथ्या बाजूला आधीच आहे.

या पट्ट्याचे काम काय ते माणसांना सांगावे लागले, कारण त्यांना ती शोभेची किनार वाटत होती. गाडी ब्रेक लावते किंवा चाक वळवते तेव्हा ब्लॉक बाजूला ढकलला जातो. तो ढकल शेजारच्या ब्लॉकला, त्याच्या शेजारच्याला असा कडेपर्यंत पोचतो. शेवटी कोणी अडवले नाही तर सर्व सांधे थोडेथोडे उघडतात, सांध्यातली वाळू खाली गळते आणि ब्लॉक एकमेकांना धरणे सोडतात. आमच्या जुन्या मार्गाच्या बागेकडच्या फटी तशाच उघडल्या होत्या.

पुढचा आठवडा पट्ट्यावर गोणपाट टाकून पाणी मारायचे.

२५ मार्च २०२५

पट्ट्याच्या आत खडीचा पाया. वीस मिमीपासून कचेपर्यंत सर्व आकार मिसळलेली खडी दोन ब्रास आणली, ओली करून एकाच थरात पसरली आणि दाबली. पट्ट्याला लागून पुन्हा धुम्मस.

आजचा बहुतेक वेळ पातळीवर गेला. पाया पृष्ठभागाच्या बरोबर ९० मिमी खाली आणि त्याच उतारात हवा. दोन्ही पट्ट्यांवर सरळ पट्टी आडवी ठेवून खालचे अंतर मोजत गेलो. एके ठिकाणी ७५, एके ठिकाणी १०८ मिमी आले. उंच भाग खरवडला, खोल भागात बारीक खडी टाकून, ओली करून परत दाबली. मुकादम म्हणाले, “साहेब, एवढं कशाला, वाळू आहे ना वरून घ्यायला.” नेमके हेच जुन्या कामात झाले होते. वाळू वापरून खड्डा भरला की तेथे तिचा थर जाड होतो, जाड थर गाडीखाली जास्त दबतो, आणि पायाचा खड्डा काही महिन्यांनी ब्लॉकच्या पृष्ठभागावर जसाच्या तसा उमटतो. ब्लॉकखालची वाळू सर्वत्र एकाच जाडीची असली पाहिजे. पातळी मिळवण्याचे काम तिचे नव्हे. दिवसअखेर कोठेही फरक ८ मिमीहून जास्त उरला नाही.

२७ मार्च २०२५

वाळू आली, पण परत पाठवली. पावतीवर धुतलेली क्रश सँड लिहिले होते. हाताला मात्र ती पिठूळ लागली. काचेच्या बरणीत अर्ध्याहून थोडी कमी वाळू, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोरात हलवली आणि ओट्यावर ठेवली. तीन तासांनी वाळूवर राखाडी गाळाचा जाड थर स्पष्ट दिसला, बोटाच्या अर्ध्या पेराएवढा. म्हणजे ही धुतलेली नव्हे, साधी कचच होती. तिच्यातली पूड पाणी धरून ठेवते, चाकाच्या दाबाखाली तिचा चिखल होतो आणि तो सांध्यांतून वर फेकला जातो. इंडियन रोड काँग्रेसच्या एसपी ६३ या मार्गदर्शिकेत या थरासाठी भरड वाळू आणि २० ते ४० मिमी जाडी सांगितली आहे. तिच्यात पूड जवळजवळ नसावी हाच त्यातला कळीचा भाग आहे. दुसऱ्या गाडीतल्या वाळूच्या बरणीत गाळाची केवळ एक रेघ दिसली, ती ठेवून घेतली. पाऊण ब्रास मागवली आहे. ४३ चौरस मीटरला ४० मिमी सैल थर म्हटले तर सुमारे १.७ घनमीटर लागते.

१ एप्रिल २०२५

पाडवा झाल्यावर काम पुन्हा सुरू. आधी एक चौरस मीटरचा नमुना केला. चाळीस मिमीचे दोन चौकोनी लोखंडी पाइप पायावर ठेवून त्यांच्यावरून रंधा ओढला, वाळू सपाट केली, ५० ब्लॉक मांडले आणि त्यांच्यावरून प्लेट तीनदा फिरवली. ब्लॉक ९ ते १० मिमी खाली बसले. म्हणजे ४० मिमी सैल वाळूची ३० मिमी होते आणि ब्लॉक मांडताना ते पट्ट्याच्या माथ्यापेक्षा ९ ते १० मिमी वर दिसले पाहिजेत. दुसऱ्या वाळूला, दुसऱ्या ओलाव्याला हा आकडा वेगळा येतो, म्हणून जुन्या अनुभवावर विसंबू नये. नमुना उचलून वाळू पुन्हा मोकळी केली.

२ आणि ३ एप्रिल २०२५

वाळू एकावेळी फक्त दीड मीटर लांबीची ओढली, तेवढ्यावर ब्लॉक मांडले आणि मगच पुढची ओढली. पाइप काढल्यावर राहणारी नाळ थापीने हलक्या हाताने भरली. ओढलेल्या वाळूवर कोणी पाय द्यायचा नाही. माणूस मांडलेल्या ब्लॉकवर बसून पुढे सरकतो. दुपारी शेजारचे कुत्रे धावत गेले आणि चार पंजे उमटले. खुणा नुसत्या बुजवल्या तर तेथली वाळू आजूबाजूपेक्षा घट्ट राहते, म्हणून तेवढा पट्टा उकरून पुन्हा ओढला.

जुनी रचना विटांच्या भिंतीसारखी होती आणि तिचे लांब सांधे गाडीच्या दिशेनेच धावत होते. या वेळी माशाच्या काट्यासारखी तिरकस गुंफण, म्हणजे हेरिंगबोन घेतली, कारण तिच्यात कोणताही सांधा सलग रेषेत जात नाही आणि ब्रेकचा ढकल दोन दिशांना वाटला जातो. पट्ट्यालगत दोन्ही बाजूंना ब्लॉकची एकेक सरळ ओळ लावली, त्यामुळे कापलेले तुकडे पट्ट्याला थेट टेकले नाहीत. एक तृतीयांशाहून लहान तुकडा कोठेही बसवला नाही. तसा प्रसंग आला तेथे शेजारचा अख्खा ब्लॉकही कापून दोन मध्यम तुकडे केले. दर दोन मीटरवर दोरी लावून ओळ तपासली. सांधा ३ मिमीच्या आसपास राहिला.

४ एप्रिल २०२५

प्लेटखाली रबरी चटई बांधून, कडेपासून मध्याकडे, दोन फेऱ्या. दोन ब्लॉक तडकले. उचलून पाहिले तर एकाखाली खडीचा दाणा वाळूत शिरलेला होता, दुसरा आधीच फुटका असावा. आताच बदलले, कारण सांध्यात वाळू भरल्यावर एकच ब्लॉक काढणे फार जिकिरीचे होते.

सांध्यांसाठी वेगळी, बारीक आणि पूर्ण कोरडी वाळू लागते. ती २.३६ मिमीच्या चाळणीतून काढून दोन दिवस ताडपत्रीवर उन्हात पसरली होती. सहा गोणी लागल्या. झाडूने तिरप्या दिशेने लोटायची, प्लेट फिरवायची, सांधे खाली गेलेले दिसले की परत लोटायची, असे तीनदा केले. वाळू ओलसर असती तर सांध्याच्या तोंडाशीच अडकली असती आणि आतून पोकळ राहिली असती. वरून दोन्ही सारखेच दिसते, म्हणून पातळ पत्र्याची पट्टी सांध्यात दाबून पाहिली. पहिल्या फेरीनंतर ती अर्धी आत गेली, तिसऱ्या फेरीनंतर ५ मिमीवर थांबली.

मुकादमांचा आग्रह होता, “साहेब, थोडं सिमेंट मारू या वाळूत, मुंग्याही येणार नाहीत.” नाही म्हटले. सिमेंटने सांधा कडक होतो, गाडीखाली ब्लॉक सूक्ष्म हलतो तेव्हा तो तडकतो, त्याची ढेकळे निघतात आणि ती जागा नव्या वाळूनेही नीट भरत नाही. कोरडी वाळू मात्र दबत जाऊन शेजारच्या दोन्ही ब्लॉकना घर्षणाने धरते, म्हणून एका ब्लॉकवरचा भार पाच-सहांमध्ये वाटला जातो.

१२ एप्रिल २०२५

आठ दिवस गाडी येत-जात राहिल्यावर सांधे काही ठिकाणी १० मिमी खाली गेले होते. उरलेली वाळू झाडून भरली. पट्टी परत ५ मिमीवर थांबली.

२८ मे २०२५

यंदा मेमध्येच पावसाने गाठले. पन्हाळी नाहीत, चाकाच्या रेषेत सरळ पट्टीखाली ३ मिमी. पण फाटकाजवळ, बागेकडच्या कोपऱ्यात, गाडीचे चाक गेले की तीन-चार सांध्यांतून पाण्याचे बुडबुडे आणि त्यांच्याबरोबर वाळू वर येते आहे, आणि तेथला एक ब्लॉक पायाखाली डुगडुगतो.

चूक माझी आहे. दोन्ही उतार ज्या कोपऱ्यात मिळतात तेथेच काँक्रीटचे दोन पट्टे एकमेकांना भिडतात. सांध्यांतून झिरपलेले पाणी वाळूतून उतारावर वाहत येते आणि पट्ट्यांना धडकून साचते. ते बाहेर पडायला मी वाटच ठेवली नाही. काठावर तीन ओळी उचलल्या तेव्हा पायावर १५ मिमी पाणी उभे होते.

३१ मे २०२५

पावसाची उघडीप मिळाली तेव्हा पट्ट्यांत ड्रिलने २५ मिमीची पाच भोके पाडली, तीन फाटकाकडे व दोन बागेकडे, ३०० मिमी अंतरावर, पायाच्या माथ्याशी जुळतील इतकी खाली आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतरती. पहिले भोक पलीकडे निघताच त्यातून गढूळ पाण्याची धार लागली आणि ती दहा मिनिटे चालली. आतल्या बाजूने प्रत्येक भोकावर जिओटेक्स्टाइलचा तुकडा लावला, नाही तर पाण्याबरोबर वाळूही निघून गेली असती. भिजलेली वाळू काढून नवी ओढली आणि तेच ब्लॉक त्याच जागी बसवले. उघडलेल्या कोपऱ्यात सांध्यांची वाळू सुकी राहावी म्हणून वर ताडपत्री बांधून काम केले. एकूण साडेतीन तास लागले. एकही ब्लॉक फुटला नाही.